कल्याणचा शिफ्ट सुपरवायझर, कोट्याची नोकरी आणि कलम २७

नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्धी कंपनीत जायचे नाही, अशी अट आज बहुतेक नेमणूकपत्रांत असते. तिच्या समर्थनासाठी मालकाचे वकील ज्या निकालाचा हवाला हमखास देतात, तो आहे निरंजन शंकर गोलीकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी. १७ जानेवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या या निकालात मालक जिंकला आणि कर्मचाऱ्यावरचा मनाई हुकूम कायम राहिला, त्यामुळे अशा अटी भारतात चालतात असा समज रूढ झाला. निकाल मुळातून वाचला की त्या समजाला फारसा आधार सापडत नाही. अट टिकली हे खरे, पण ती कोणत्या काळासाठी, कोणाच्या चुकीमुळे आणि किती छाटल्यावर टिकली, याची उत्तरे त्या प्रकरणाच्या तपशिलातच आहेत.

सेंच्युरी कंपनीच्या कल्याण येथील सेंच्युरी रेयॉन या कारखान्यात टायर कॉर्ड यार्न, म्हणजे टायरला मजबुती देण्यासाठी आत घातला जाणारा धागा, तयार होत असे. त्याचे तंत्रज्ञान परदेशी होते. १९ जानेवारी १९६१ च्या कराराने हॉलंडमधील एक आणि पश्चिम जर्मनीतील एक अशा दोन कंपन्यांनी ते सेंच्युरीला दिले आणि त्या बदल्यात सेंच्युरीने १,४०,००० जर्मन मार्क देण्याचे मान्य केले. या कराराच्या चौथ्या कलमाने सेंच्युरीवर दोन बंधने घातली होती. मिळालेली सगळी तांत्रिक माहिती करार संपेपर्यंत आणि त्यानंतरही तीन वर्षे गुप्त ठेवायची, आणि आपल्या कर्मचाऱ्यांकडूनही तशीच हमी लिहून घ्यायची. पुढच्या सगळ्या घडामोडींचे मूळ इथे आहे. कर्मचाऱ्याच्या करारातील कडक अटींमागे निव्वळ मालकाची मर्जी नव्हती, तर पैसे मोजून घेतलेली आणि गुप्त राखण्याची जबाबदारी अंगावर असलेली विद्या होती.

मार्च १९६३ मध्ये कंपनीने गोलीकरी यांना टायर कॉर्ड विभागात शिफ्ट सुपरवायझरची जागा देऊ केली. पाच वर्षांच्या मुदतीच्या ठरावीक नमुन्यातील करारावर सही करावी लागेल, हे देकारपत्रातच लिहिले होते आणि त्यांनी ते मान्य केले होते. १६ मार्च १९६३ रोजी ते रुजू झाले आणि त्याच दिवशी करारावर सही झाली. त्याच वर्षी मार्च ते डिसेंबर या काळात त्यांना प्रशिक्षण मिळाले. त्यात परदेशी कंपन्यांची प्रक्रिया, त्यांची यंत्रे आणि त्यांनी पुरवलेली काही कागदपत्रे यांची माहिती त्यांना झाली.

करारातील तीन कलमे इथे महत्त्वाची आहेत. सहाव्या कलमानुसार नोकरीच्या काळात आपला सगळा वेळ आणि शक्ती कंपनीलाच द्यायची आणि दुसरा कोणताही धंदा किंवा नोकरी करायची नाही. नवव्या कलमानुसार नोकरीत असताना आणि नंतरही कंपनीची माहिती गुप्त ठेवायची. सतरावे कलम सर्वांत कडक होते. कर्मचाऱ्याने पाच वर्षे पुरी होण्याआधी कराराचा भंग करून नोकरी सोडली, तर उरलेल्या मुदतीत त्याने कंपनीसारखा धंदा स्वतः करायचा नाही, असा धंदा करणाऱ्या कोणाकडेही कोणत्याही हुद्द्यावर काम करायचे नाही, शिवाय सहा महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम नुकसानभरपाई म्हणून भरायची आणि प्रशिक्षणाचा खर्चही परत करायचा.

ऑक्टोबर १९६४ मध्ये प्रकरण बिघडले. गोलीकरी ६ ते ९ ऑक्टोबर कामावर आले नाहीत. मग त्यांनी १४ तारखेपासून २८ दिवसांची रजा मागितली आणि ती मंजूर होण्याची वाट न पाहता त्या दिवसापासून येणे बंद केले. ७ नोव्हेंबरला त्यांनी कंपनीला कळवले की ३१ ऑक्टोबरपासून आपण राजीनामा दिला आहे. कंपनीने २३ नोव्हेंबरच्या पत्राने राजीनामा स्वीकारलेला नाही, कामावर हजर व्हा, असे सांगितले. २८ नोव्हेंबरला उत्तर आले की दुसरी नोकरी आधीच मिळाली आहे. ही दुसरी नोकरी कोट्याच्या राजस्थान रेयॉन कंपनीत होती. तिथेही टायर कॉर्ड यार्नच तयार होत होते आणि पगार महिना ५६० रुपये, म्हणजे कल्याणपेक्षा जास्त ठरला होता. ऑक्टोबरमध्ये ते गैरहजर होते, त्याच सुमारास कोट्याशी बोलणी चालू होती, हे पुराव्यातून पुढे आले.

सेंच्युरीने कल्याणच्या न्यायालयात दावा लावला. १५ मार्च १९६८ पर्यंत, म्हणजे पाच वर्षे पुरी होईपर्यंत, प्रतिवादीने राजस्थान रेयॉनसह कोणाकडेही कोणत्याही हुद्द्यावर काम करू नये, करारानुसार २,४१० रुपये भरपाई द्यावी आणि कंपनीची माहिती कधीही उघड करू नये, अशा मागण्या होत्या.

कंपनीने जे मागितले आणि न्यायालयाने जे दिले, ते शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. मागणी कराराच्या शब्दांनुसार होती : कोणत्याही हुद्द्यावर, कोणत्याही व्यक्तीकडे किंवा संस्थेकडे. हुकूम मात्र बराच अरुंद निघाला. राजस्थान रेयॉनच्या किंवा भारतातील अन्य कोणाच्याही टायर कॉर्ड यार्न विभागात, शिफ्ट सुपरवायझरच्या कामाशी बहुतांशी मिळतेजुळते काम, कोणत्याही नावाने, १५ मार्च १९६८ पर्यंत करायचे नाही, एवढीच मनाई घातली गेली. माहितीबाबतचा दुसरा हुकूमही अखंड प्रक्रियेने टायर कॉर्ड यार्न तयार करण्याच्या पद्धतीविषयी, आणि तेही या नोकरीतून मिळालेल्या माहितीपुरताच होता. म्हणजे हे गृहस्थ दुसऱ्या दिवशी एखाद्या कापड गिरणीत किंवा रसायनांच्या कारखान्यात रुजू झाले असते, तर हुकूम मोडला नसता. राजस्थान रेयॉनमध्येच वेगळ्या विभागात वेगळे काम घेतले असते, तरीही हुकुमाच्या शब्दांत ते बसणे अवघड होते. वरिष्ठ न्यायालयांपुढे आव्हान होते ते या छाटलेल्या हुकुमाला. मुळातले सतरावे कलम जसेच्या तसे राबवले गेले असते तर ते टिकले असते का, हा प्रश्न त्यामुळे त्या रूपात उभाच राहिला नाही. हा निकाल पुढे करून कोणी तीनपानी सर्वव्यापी अट राबवू पाहतो, तेव्हा हा फरक समोर ठेवायलाच हवा.

उच्च न्यायालयानेही हुकूम कायम ठेवल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. कर्मचाऱ्याची बाजू वरवर पाहता भक्कम होती, कारण भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम २७ अगदी थोडक्यात आणि ठाम बोलते : कायदेशीर व्यवसाय, व्यापार किंवा धंदा करण्यापासून कोणालाही रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द समजावा. अपवाद एकच आहे. जो आपल्या धंद्याचे नाव आणि गिऱ्हाईक, म्हणजे गुडविल, विकतो, त्याने विशिष्ट भागात तसाच धंदा न करण्याचे कबूल केले, तर न्यायालयाला त्या मर्यादा वाजवी वाटल्यास ते बंधन चालते. इंग्लंडमध्ये कायद्याने वेगळी वाट धरली. तिथे १८९४ च्या नॉर्डेनफेल्ट खटल्यापासून बंधन वाजवी आहे का हे तपासले जाते आणि वाजवी असेल तर नोकरी संपल्यानंतरचे बंधनही टिकू शकते. आपल्या कलमात वाजवी हा शब्द फक्त गुडविलच्या अपवादात आहे, मुख्य नियमात नाही. विधी आयोगाने १९५८ मध्ये आपल्या तेराव्या अहवालात कलमात बदल करून वाजवी बंधनांना जागा द्यावी असे सुचवले होते, पण तो बदल झाला नाही. हा बदल न झाला हे नोकरदारांच्या दृष्टीने बरेच झाले असे मला वाटते, कारण वाजवी काय ते ठरवण्यासाठी प्रत्येकाला मालकाविरुद्ध वर्षानुवर्षे खटला लढावा लागला असता.

मग १९६७ मध्ये अट टिकली कशी? न्यायमूर्ती शेलत यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा काळाच्या भेदात आहे. करार संपल्यानंतर लागू होणारे बंधन आणि कराराच्या मुदतीत लागू होणारे बंधन, यांना एकच मोजमाप लावता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मुदतीत माणूस एकाच मालकाचे काम करण्यास बांधलेला असतो, त्यामुळे त्या काळात दुसरीकडे काम करणार नाही ही अट त्याच बांधिलकीची दुसरी बाजू ठरते, आणि सर्वसाधारणपणे ती व्यापारावरचे बंधन म्हणजे कलम २७ चा विषय होत नाही. या विचाराला मुंबई उच्च न्यायालयाचा जुना आधार होता. झांझिबारमध्ये वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या एका डॉक्टरने तीन वर्षांसाठी सहाय्यक डॉक्टर नेमला होता. तो वर्षभरातच बाहेर पडला आणि तिथेच स्वतःचा दवाखाना चालवू लागला. १८९८ मध्ये मुख्य न्यायाधीश फॅरन यांनी ठराविक मुदतीतील मनाई मान्य केली आणि कारण असे दिले की असा करार कलम २७ मध्ये ओढला, तर ठराविक मुदतीची प्रत्येक नोकरीच बेकायदा ठरेल.

इथे एक बारीक अडचण आहे आणि ती पुष्कळदा नजरेतून सुटते. गोलीकरी कंपनी सोडून कोट्याला गेले होते, मग मुदतीत हा शब्द त्यांना लागू कसा? न्यायालयाच्या दृष्टीने मुदत म्हणजे माणूस प्रत्यक्ष कामावर येत होता तो काळ नव्हे, तर दोघांनी मिळून ठरवलेला पाच वर्षांचा काळ. राजीनामा स्वीकारला गेला नव्हता, करारात पाच वर्षांच्या आत मर्जीप्रमाणे बाहेर पडण्याची मोकळीक नव्हती आणि भंग कर्मचाऱ्याकडून झाला होता. एकतर्फी निघून जाण्याने मुदत संपवता येत नाही, म्हणून नोव्हेंबर १९६४ ते मार्च १९६८ हा काळ कराराच्या पोटातच राहिला. निकाल लागला तेव्हा त्यातले जेमतेम चौदा महिने उरले होते.

मुदतीतील अटीलाही न्यायालयाने मोकळे रान दिलेले नाही. अट अमानुष, अवाजवी कडक किंवा पूर्णपणे एकतर्फी असेल, तर ती मुदतीत असूनही टिकणार नाही, असे निकालात स्पष्ट आहे. शिवाय मनाई हुकूम मिळणे हा हक्क नसतो, तो न्यायालयाच्या विवेकाचा भाग असतो. कोणालाही हुकूम देऊन विशिष्ट मालकाकडे काम करायला लावता येत नाही. पण करारात करीन आणि करणार नाही अशा दोन्ही बाजू असतील आणि पहिली राबवता येत नसेल, तरी न्यायालय दुसरी राबवू शकते, असे स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट, १९६३ चे कलम ४२ म्हणते. मात्र दाद मागणाऱ्याने स्वतःचा वाटा पाळलेला असला पाहिजे. पगार थकवणाऱ्या मालकाचा दावा इथेच अडतो.

कर्मचाऱ्याचा सर्वांत कळीचा युक्तिवाद याच विवेकाशी निगडित होता. हुकूम झाला तर आपल्याला एकतर रिकामे बसावे लागेल नाहीतर पुन्हा कल्याणला जावे लागेल, म्हणजे जे थेट करता येत नाही ते आडमार्गाने होईल, असे म्हणणे होते. न्यायालयाने त्याचे उत्तर पुराव्यात शोधले. छाटलेल्या हुकुमामुळे माणूस उपाशी मरेल असे दाखवणारे काही नव्हते. दुसरीकडे पगार थोडा कमी मिळेल इतकेच, आणि जास्त पगारासाठी करार मोडणाऱ्याला ही तक्रार करता येत नाही. गुपित प्रत्यक्ष फोडल्याचा पुरावा हवा, असाही आग्रह न्यायालयाने धरला नाही. प्रशिक्षणातून मिळालेली खास माहिती आणि त्याच धाग्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यातले तसेच काम, एवढ्यावरून कंपनीचे हित जपण्याची गरज दिसत होती. या मुद्द्यावर निकाल मला कर्मचाऱ्याबाबत थोडा कठोर वाटतो, कारण कोट्याला जाऊन त्याने नेमके काय नुकसान केले हे कुठेच ठोसपणे समोर येत नाही. तरीही हुकुमाची काळ, काम आणि क्षेत्र ही तिन्ही टोके बांधलेली असल्यामुळे न्यायालयाला तो अवाजवी वाटला नाही. क्षेत्र अखंड भारत असूनही ते मर्यादित मानले गेले, यावरून खरा भार कामाच्या मर्यादेवर होता हे उघड आहे.

आता हेच प्रकरण थोडे बदलून पाहू. समजा गोलीकरी यांनी पाच वर्षे पूर्ण केली असती, कंपनीने करारात आणखी दोन वर्षे टायर कॉर्डच्या कारखान्यात काम करायचे नाही अशी अट घातली असती आणि १६ मार्च १९६८ ला ते कोट्याला गेले असते. तेच तंत्रज्ञान, तोच प्रतिस्पर्धी, तरीही सेंच्युरीला मनाई मिळाली नसती. ही बाब १९६७ च्या निकालात प्रत्यक्ष ठरवलेली नाही, ती पुढच्या दोन निकालांतून पक्की झाली. १९८० च्या सुपरिंटेंडन्स कंपनीच्या प्रकरणात दिल्लीतील शाखा व्यवस्थापकावर, कंपनी सोडल्यानंतर दोन वर्षे शेवटच्या नेमणुकीच्या ठिकाणी स्पर्धक धंदा करायचा नाही, अशी अट होती. कंपनीनेच त्याला काढून टाकले आणि मग त्याच अटीवर मनाई मागितली. न्यायमूर्ती तुळजापूरकर यांनी बहुमताच्या वतीने प्रकरण अटीच्या शब्दांवरच संपवले : सोडणे म्हणजे स्वतःहून सोडणे, काढून टाकलेल्या माणसाला ही अट लागूच होत नाही. न्यायमूर्ती ए. पी. सेन यांनी स्वतंत्र निकालपत्रात मूळ प्रश्नालाच हात घातला आणि नोकरीनंतरची अट वाजवी असो वा नसो, कलम २७ खाली रद्दच, असे मत नोंदवले. बहुमताने तो प्रश्न मोकळा ठेवला असला, तरी पुढे सर्वोच्च न्यायालय त्याच दिशेने गेले. २००६ मध्ये, श्रीरामपूरच्या झहीर खान या क्रिकेटपटूच्या प्रकरणात, तीन वर्षांचा करार संपल्यानंतरही नव्या प्रस्तावावर पहिला हक्क आपलाच, असे म्हणणारी व्यवस्थापन कंपनीची अट न्यायालयाने नाकारली आणि करार संपल्यानंतरच्या बंधनाला वाजवीपणाची कसोटी लावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, असे सांगितले.

आता दुसरा बदल. करार पाच वर्षांचा नसून आजच्या पुण्यातल्या किंवा हिंजवडीतल्या नेमणूकपत्रासारखा आहे : मुदत नाही, दोन्ही बाजूंना दोन महिन्यांची नोटीस देऊन बाहेर पडता येते आणि नंतर वर्षभर स्पर्धकाकडे जायचे नाही. इथे गोलीकरी निकालाचा आधारच सुटतो. नोटीस पुरी झाली की करार दोघांच्या संमतीने ठरलेल्या रीतीने संपतो, उरलेली मुदत असे काही शिल्लक राहत नाही आणि वर्षभराची अट सरळ कलम २७ च्या तडाख्यात सापडते. नोटिशीचे दोन महिने चालू असताना मात्र माणूस करारातच असतो. त्या काळात स्पर्धकाकडे रुजू होणे हा भंग आहे आणि मालकाने पगार चालू ठेवला असेल, तर मनाईचा विचार होऊ शकतो. गुप्ततेची अट वेगळी उभी राहते. ती व्यवसाय करण्यापासून रोखत नाही, माहिती वापरण्यापासून रोखते, म्हणून नोकरी संपल्यावरही चालते. पण ती गुपितापुरतीच. बारा वर्षांत हाताला आलेली सफाई, ग्राहकांची पारख, यंत्राचा आवाज ऐकून बिघाड ओळखण्याचे कसब, हे सगळे कर्मचाऱ्याचेच असते. कोणती माहिती, कोणत्या दस्तऐवजातली आणि ती गुप्त कशी ठेवली होती, हे दाव्यात नेमकेपणाने न मांडणारा मालक बहुधा याच टप्प्यावर हरतो.

तिसरा बदल पैशांचा. सेंच्युरीच्या करारात सहा महिन्यांच्या पगाराइतकी भरपाई होती. आजचे प्रशिक्षण बाँड त्याचेच वंशज आहेत. १४ मे २०२५ रोजी विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षे नोकरी न करता गेल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली, आणि त्यासाठी १९६७ चाच निकाल वापरला. तर्क असा की ही अट पुढची नोकरी अडवत नाही, ठरलेल्या मुदतीत राजीनामा देण्याची किंमत ठरवते. त्या अधिकाऱ्याने पैसे भरले होते आणि तो दुसऱ्या बँकेत रुजूही झाला होता. सार्वजनिक बँकेला खुली भरती पुन्हा करावी लागते, हुद्दा व्यवस्थापनातला होता, त्या मानाने रक्कम अवाजवी नाही, असे न्यायालयाने पाहिले. त्यामुळे फारसे प्रशिक्षण न देता नवख्या मुलांकडून काही लाखांचा बाँड लिहून घेणाऱ्या खासगी कंपनीला हा निकाल आपोआप लागू पडत नाही. तिथे करार कायद्याच्या कलम ७४ नुसार बाँडमधला आकडा ही फक्त वरची मर्यादा असते आणि तिच्या आत वाजवी भरपाई किती, हे न्यायालय ठरवते. नेमणूकपत्रावर सही करण्याआधी म्हणूनच तीन ओळी शोधाव्यात : नोकरीला ठराविक मुदत आहे का, आपण स्वतः कधी आणि कसे बाहेर पडू शकतो, आणि मालकाने काढून टाकले तर तीच अट आपल्यावर चालवायची असे लिहिले आहे का.